पोटॅशियमवाढ : एसीई प्रतिरोधक, स्पायरोनोलॅक्टोन व पर्यायी मीठ यांमुळे होणारी

रक्तदाब किंवा हृदयदौर्बल्यासाठी एसीई प्रतिरोधक (रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल इ.) व स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या व्यक्तीने पोटॅशियम क्लोराइड असलेले पर्यायी मीठ वापरल्यास रक्तातील पोटॅशियम जिवाला धोका होईल इतके वाढू शकते. ही पातळी सामान्यतः लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल असते. ६.५ च्या पुढची वाढ तातडीची समजली जाते.

कारण : शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशींबाहेरच्या द्रवात ते प्रौढ व्यक्तीत जेमतेम ६० मिलिमोल भरते. एका दिवसाच्या आहारातूनही साधारण तेवढेच किंवा त्याहून अधिक पोटॅशियम पोटात जाते, आणि त्यातील बहुतेक मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. हे काम अल्डोस्टेरोन या संप्रेरकाच्या हुकमाने चालते. एसीई प्रतिरोधकामुळे अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होते आणि त्यामुळे अल्डोस्टेरोनही घटते. जे उरते, त्याची क्रिया स्पायरोनोलॅक्टोन मूत्रनलिकेत रोखते. अशा रीतीने बाहेर जाण्याची वाट दोन ठिकाणी अरुंद होत असताना पर्यायी मीठ आत येणारे पोटॅशियम वाढवते. मूत्रपिंडे आधीच कमजोर असतील किंवा मधुमेह असेल, तर समतोल लवकर ढळतो.

उदाहरण : हृदयदौर्बल्य व मधुमेह असलेला ६८ वर्षांचा एक काल्पनिक रुग्ण घेऊ. तो रोज रामिप्रिल ५ मिग्रॅ. व स्पायरोनोलॅक्टोन २५ मिग्रॅ. घेतो. त्याचे क्रिएटिनिन १.६ आणि पोटॅशियम ४.८ आहे. ‘मीठ कमी करा’ हा सल्ला मानून घरात ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले ‘लो सोडियम’ मीठ आणले जाते. अशा ५ ग्रॅम मिठातून १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे सुमारे २० मिलिमोल पोटॅशियम मिळते. पेशींबाहेरच्या साठ्याचा हा तिसरा हिस्सा झाला. काही दिवस हे निभावते. मग जुलाब होतात, शरीरातले पाणी कमी होते, अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतले जाते आणि मूत्रपिंडांतील गाळण मंदावते. दोन्ही औषधे व मीठ मात्र चालूच राहतात. अशा स्थितीत पातळी दोन-तीन दिवसांत ६.५ च्या वर जाऊ शकते.

ओंटारिओचा अनुभव : १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेल्स’ चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनमुळे तीव्र हृदयदौर्बल्याच्या रुग्णांतील मृत्यू ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मात्र क्रिएटिनिन २.५ पेक्षा किंवा पोटॅशियम ५ पेक्षा जास्त असलेल्यांना या चाचणीत घेतलेच नव्हते. चाचणीनंतर कॅनडातील ओंटारिओ प्रांतात हे औषध सर्रास लिहून दिले जाऊ लागले. एसीई प्रतिरोधक घेणाऱ्या वृद्ध हृदयरुग्णांत पोटॅशियमवाढीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, २००१ मध्ये ते ११ झाले. म्हणजे मिठाची भर नसतानाही ही जोडी देखरेखीशिवाय धोक्याची ठरते.

लक्षणे व निदान : बऱ्याचदा कोणतेही लक्षण नसते. पायांत अशक्तपणा, धडधड किंवा मंद नाडी आढळू शकते. क्वचित हृदय बंद पडणे हीच पहिली खूण ठरते. ईसीजीमध्ये टोकदार ‘टी’ तरंग, नंतर ‘पी’ तरंगाचा लोप आणि रुंदावलेले ‘क्यूआरएस’ दिसते. परंतु ईसीजी सामान्य असला तरी धोका टळला असे होत नाही. उलट, नमुन्यातील रक्तपेशी फुटल्याने पातळी खोटी वाढलेलीही दिसते. शंका असल्यास चाचणी पुन्हा करतात.

उपचार : पर्यायी मीठ व दोन्ही औषधे थांबवतात. ईसीजी बिघडला असल्यास शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. ते काही मिनिटांत हृदयाला संरक्षण देते, पण पोटॅशियम कमी करत नाही आणि त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो. ग्लुकोजसह इन्सुलिन व साल्ब्युटामॉलची वाफ पोटॅशियमला काही तास पेशींत ढकलतात. ते शरीराबाहेर काढण्यासाठी मूत्रल औषधे, आतड्यात पोटॅशियम बांधणारी औषधे किंवा डायलिसिस लागते.

प्रतिबंध : स्पायरोनोलॅक्टोन सुरू करण्यापूर्वी, नंतर एका आठवड्याने व चार आठवड्यांनी, आणि पुढे ठरावीक काळाने पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासतात. पातळी ५.५ च्या वर गेल्यास मात्रा निम्मी करतात, ६ च्या वर गेल्यास औषध थांबवतात. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत गोळ्या चालू ठेवाव्यात की नाही, हे डॉक्टरांना लगेच विचारावे. निरोगी मूत्रपिंडे असलेल्यांना पर्यायी मीठ रक्तदाब कमी ठेवण्यास उपयोगी पडते. मात्र मूत्रपिंडविकार असलेल्यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या शिफारशीतून वगळले आहे. मीठ निवडताना पाकिटावरील घटकांत ‘पोटॅशियम क्लोराइड’ आहे का, ते पाहावे. सैंधव मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने त्यातून हा धोका संभवत नाही. पण ते कमी सोडियमचे मीठही नव्हे.