बारा मिनिटांची धाव चाचणी

बारा मिनिटांत पळून कापलेल्या अंतरावरून शरीराच्या प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेचा अंदाज देणारी मैदानी चाचणी. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी तिच्यावरील अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणून तिला ‘कूपर चाचणी’ही म्हणतात.

अंग गरम करून झाल्यावर चाचणी सपाट, मोजलेल्या धावपट्टीवर घेतात. दम लागल्यास चालता येते, पण घड्याळ थांबत नाही. मीटरमधील अंतरातून ५०४.९ वजा करून बाकीस ४४.७३ ने भागले की दर मिनिटाला, शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे वापरता येणारा प्राणवायू मिलिलिटरमध्ये मिळतो (पहा : प्राणवायू ग्रहणक्षमता). ४०० मीटरच्या धावपट्टीवर ६ फेऱ्या, म्हणजे २,४०० मीटर झाल्यास हा आकडा सुमारे ४२.४ येतो.

हे सूत्र पूर्ण जोर लावला असेल तरच लागू पडते, आणि त्याची खूण शेवटच्या नाडीत मिळते (पहा : नाडी). थांबताच १५ सेकंद ठोके मोजून ४ ने गुणतात. उशीर केल्यास नाडी झपाट्याने उतरते. तीस वर्षांच्या व्यक्तीची अंदाजी कमाल नाडी २२० वजा वय, म्हणजे १९० असते. ४६ ठोके भरल्यास नाडी १८४ ठरते व अंतर ग्राह्य धरता येते. ३६ ठोके, म्हणजे १४४ आल्यास जोर बहुधा राखून ठेवलेला असतो आणि क्षमता प्रत्यक्षाहून कमी दिसते. मात्र कमाल नाडी व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळी असते.

सुरुवातीलाच जोरात पळणे, ऊन आणि वारा यांमुळे अंतर घटते. हृदयविकार असलेल्यांनी ही चाचणी वैद्यकीय तपासणीशिवाय देऊ नये.