१ किलो हरभरे भिजवून, शिजवून किती होतात? शाळेतल्या उसळीपासून पंगतीपर्यंतचं सोपं गणित

उसळ करायची असली की एक प्रश्न हमखास पडतो, कडधान्य भिजवायचं किती? अंदाज चुकला तर दोन दिवस तीच उसळ खावी लागते, नाहीतर शेवटच्या माणसाच्या ताटात नुसता रस्सा येतो. घरात हे चालून जातं. पण शाळेतल्या पोषण आहारात किंवा गावच्या पंगतीत हाच अंदाज चुकला तर कुणाच्या तरी वाट्याला कमी येतं.

थोडक्यात उत्तर असं, की सुके हरभरे रात्रभर भिजवले की वजनाने साधारण दुप्पट होतात आणि शिजून निथळल्यावर साधारण सव्वादोन पटीच्या आसपास जातात. म्हणजे १ किलोचे भिजून २ किलो आणि शिजून २ किलो २०० ग्रॅम. पण वाटीने मोजलं तर हाच आकडा वेगळा येतो. तो का, हे आधी समजून घेऊ.

वजन वाढतं म्हणजे नेमकं काय वाढतं?

फक्त पाणी. सुक्या हरभऱ्यात साधारण १० टक्के पाणी असतं. शिजलेल्या हरभऱ्यात ते ६० टक्क्यांच्या आसपास जातं. दाण्यातला बाकीचा भाग, म्हणजे पिठूळ भाग, प्रथिनं आणि साल, जवळपास तेवढाच राहतो.

हे १०० ग्रॅम हरभऱ्यावर करून बघा. त्यात १० ग्रॅम पाणी आणि ९० ग्रॅम घन भाग आहे. शिजल्यावर हाच ९० ग्रॅमचा भाग एकूण वजनाच्या ४० टक्के होतो. मग एकूण वजन भरतं २२५ ग्रॅम. प्रत्यक्षात थोडा घन भाग उकळत्या पाण्यात उतरतो, म्हणून हातात येतात साधारण २२० ग्रॅम. घट्ट उसळीसाठी हे पाणी फेकून न देता रश्श्याला वापरलं, तर तो भागही वाया जात नाही.

यातली बहुतेक वाढ भिजतानाच होते. उकळताना दाणा मऊ होतो, पण वजनात फार भर पडत नाही. त्यामुळे दाणे नीट भिजले का, यावरच पुढचा हिशोब अवलंबून असतो.

कुठलं कडधान्य किती होतं?

१ किलो सुक्या कडधान्याचं साधारण वजन असं भरतं :

| कडधान्य | भिजल्यावर | शिजून निथळल्यावर |
|---|---|---|
| हरभरे | २ किलोच्या आसपास | २.१ ते २.२ किलो |
| काबुली चणे (छोले) | २ किलोपेक्षा किंचित जास्त | २.२ ते २.४ किलो |
| राजमा | २ किलोच्या आसपास | २.३ ते २.५ किलो |
| चवळी | २ किलोपेक्षा किंचित जास्त | २.३ ते २.५ किलो |

दाणा जुना आहे की नवा, किती मऊ शिजवला, किती वेळ निथळला, यानुसार आकडे थोडे हलतात. म्हणून मोठा स्वयंपाक करायचा असेल तर आदल्या दिवशी त्याच पोत्यातले १०० ग्रॅम दाणे भिजवून, शिजवून, निथळून एकदा तोलून घ्यावेत. मिळालेला आकडा कुठल्याही तक्त्यापेक्षा खात्रीचा असतो.

मग वाटीने मोजलं तर जास्त का भरतं?

१ वाटी सुके हरभरे शिजल्यावर अडीच वाट्यांच्या आसपास भरतात. काबुली चणे तर पावणेतीन वाट्यांपर्यंत जातात. वजन सव्वादोन पट आणि वाट्या अडीच, हा फरक मुख्यतः दाण्याच्या घनतेचा आहे. सुका दाणा पाण्यापेक्षा बराच घन असतो. पाणी पिऊन फुगला की त्याची घनता कमी होते आणि तेवढ्याच वजनाला जास्त जागा लागते.

मोड आलेल्या मटकीत हा फरक सगळ्यात जास्त दिसतो. मोडांमुळे दाणे एकमेकांपासून दूर राहतात. १ वाटी सुक्या मटकीची ३ वाट्या किंवा त्याहून जास्त मोडाची मटकी दिसते, पण वजन दुप्पट-अडीचपटच भरतं. शिजली की मोड मऊ पडतात आणि ढीग खाली बसतो. परात भरलेली दिसते म्हणून जास्त माणसांचा हिशोब धरला, तर इथेच फसायला होतं.

शाळेतल्या १०० मुलांचा हिशोब

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ कळंब हे गाव आहे. समजा, तिथल्या एखाद्या शाळेत पहिली ते पाचवीची ६० आणि सहावी ते आठवीची ४० मुलं जेवायला आहेत आणि आज हरभऱ्याची उसळ आहे.

शालेय पोषण आहार योजनेला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना म्हणतात. तिच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज २० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य धरलेलं आहे. हे वजन सुक्या, कच्च्या धान्याचं आहे. ताटात पडणाऱ्या उसळीचं नाही.

लहान मुलांसाठी ६० गुणिले २०, म्हणजे १ किलो २०० ग्रॅम. मोठ्यांसाठी ४० गुणिले ३०, म्हणजे तेवढेच, १ किलो २०० ग्रॅम. एकूण सुके हरभरे झाले २ किलो ४०० ग्रॅम. रात्रभर भिजल्यावर ते साधारण ४ किलो ८०० ग्रॅम होतील आणि शिजून निथळल्यावर ५ किलो ३०० ग्रॅमच्या जवळ जातील.

आता ताटाकडे या. लहान मुलाच्या २० ग्रॅमचे शिजून ४४ ग्रॅम होतात, म्हणजे साधारण ३ मोठे चमचे. मोठ्या मुलाच्या ३० ग्रॅमचे ६६ ग्रॅम होतात. ५ किलो ३०० ग्रॅम उसळ सगळ्या १०० मुलांना एकाच मापाने वाढली, तर प्रत्येकाला ५३ ग्रॅम मिळतील. भांडं बरोबर रिकामं होईल, पण सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाच्या वाट्याचे १३ ग्रॅम लहानांच्या ताटात गेलेले असतील. म्हणून लहानांना एक आणि मोठ्यांना त्याच्या दीडपट, असं माप ठेवावं लागतं.

पालकांनाही हा हिशोब उपयोगी आहे. ताटात ३ चमचे हरभरे बघून "एवढेच?" असं वाटू शकतं. पण पाचवीपर्यंतच्या मुलासाठी निकषाप्रमाणे तेवढेच येतात. उलट वाटी रश्श्याने भरलेली असेल आणि त्यात चमचाभरच दाणे असतील, तर वाटी भरलेली असूनही कडधान्य कमी आहे. तपासायचं असेल तर रस्सा निथळून फक्त दाणे मोजावेत.

दाणे भिजलेच नाहीत तर?

भिजवण कच्चं राहिलं की वरचं सगळं गणित कोसळतं. ते ओळखायची सोपी खूण आहे. एक दाणा नखाने किंवा सुरीने मधून फोडा. आतला रंग सगळीकडे सारखा दिसला तर दाणा भिजला. मध्यभागी पांढरट, कोरडा ठिपका दिसला तर पाणी आतपर्यंत पोचलेलं नाही. वरची साल सुरकुतलेली असेल तरी थांबा, कारण साल आधी पाणी पिते आणि आतला भाग फुगला की ती पुन्हा ताणून बसते.

हरभऱ्याला ८ ते १० तास लागतात. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं तर वेळ बराच कमी होतो. उन्हाळ्यात मात्र रात्रभर भिजवलेलं पाणी फेसाळून आंबूस वास येऊ शकतो, त्यामुळे पाणी एकदा बदलावं.

काही दाणे कितीही भिजवा, टणकच राहतात. त्यांना गणंग म्हणतात. त्यांच्या सालीतून पाणी आत शिरतच नाही. भिजलेल्या दाण्यांत ते आकाराने लहान आणि कडक लागतात, तेव्हाच वेचून टाकावेत. खूप जुना माल असेल तर बहुतेक दाणे भिजतात खरे, पण मऊ शिजत नाहीत. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातही शिजायला जास्त वेळ लागतो, कारण त्यातले क्षार दाण्याला घट्ट धरून ठेवतात. चिंच, आमसूल, टोमॅटो यांचंही तसंच. आंबट नेहमी दाणे शिजल्यावरच घालावं.

राजम्याच्या बाबतीत एक काळजी जास्त घ्यावी लागते. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात तो खळखळून उकळावा आणि पूर्ण मऊ शिजवावा.

पंगतीसाठी उलटा हिशोब

पंगतीत प्रश्न उलट असतो. माणसं माहीत असतात, सुका माल काढायचा असतो. समजा, गावात सप्ताहाच्या जेवणाला २०० माणसं आहेत आणि प्रत्येकाला १०० ग्रॅम शिजलेले हरभरे द्यायचे आहेत. म्हणजे २० किलो शिजलेले हरभरे हवेत. त्याला २.२ ने भागलं की उत्तर येतं ९ किलो. सांडलवंड, गणंग आणि ऐनवेळी वाढलेली माणसं धरून १० किलो भिजवावेत.

आता भांड्याचा विचार. १० किलो सुके हरभरे १० लिटर पाणी पिऊन टाकतात. वर पाणी राहायला हवं म्हणून २५ लिटर घालावं. फुगलेल्या दाण्यांनाच २५ लिटरपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे पातेलं ४० लिटरचं घ्यावं. १५-२० लिटरच्या पातेल्यात संध्याकाळी दाणे मावलेले दिसतात, पण सकाळी ते काठाच्या वर आलेले असतात आणि वरचा थर कोरडाच राहिलेला असतो. घरच्या कुकरलाही हेच लागू आहे. कडधान्य आणि पाणी मिळून कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये.

डाएटच्या आकड्यांत घोळ कुठे होतो?

१०० ग्रॅम हरभऱ्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं, असं रील्समध्ये सांगितलं जातं. हा आकडा सुक्या हरभऱ्याचा आहे. १०० ग्रॅम शिजलेल्या हरभऱ्यात ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, कारण वजनाचा मोठा भाग पाण्याचा असतो. प्रथिनं कुठे गेलेली नसतात, ती जास्त वजनात विभागली गेलेली असतात. त्यामुळे आकडा वाचताना तो कच्च्याचा आहे की शिजलेल्याचा, हे आधी बघा.

लक्षात ठेवायचं एवढंच

सुक्याचं शिजलेलं काढायला २.२ ने गुणा, शिजलेल्याचं सुकं काढायला २.२ ने भागा. राजमा-चवळीसाठी २.४ धरा. वाटीने मोजत असाल तर एका वाटीच्या अडीच वाट्या धरा. आणि मोजताना रस्सा बाजूला ठेवा.