फिरकीचं काम कोण करतं? बोटं, मनगट आणि खांद्याच्या हिशेबाचा इतिहास

आजचा विषय फिरकी गोलंदाजीचा आहे, पण मी तुम्हाला विक्रमांची यादी सांगणार नाही. चेंडू फिरतो तेव्हा शरीरातला कोणता भाग नेमकं काय करतो, आणि हे आपल्याला इतिहासातून कसं कळत गेलं, एवढाच प्रश्न मी घेतलाय. कॉमेंट्रीत आपण 'मनगटी फिरकी', 'बोटांची फिरकी' हे शब्द ऐकतो, आणि सगळा खेळ पंज्यातच चालतो असं वाटायला लागतं. ते अर्धंच खरं आहे.

आधी एक छोटी गोष्ट करून बघा. डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं जोरात मिटा-उघडा. स्नायू कुठे हलतोय? बोटांत नाही, कोपराजवळ! बोटं जोरानं मिटणारे मोठे स्नायू मनगटाच्या वर बसलेले असतात, आणि लांब दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी बोटं ओढतात. कठपुतळीच्या खेळासारखं. म्हणजे 'बोटांची ताकद' म्हणतो ती बरीचशी या कोपराखालच्या हाताची ताकद आहे, आणि तिचा ताण शेवटी बोटाच्या लहानशा सांध्यावर येतो. हा सांधा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता इतिहासाकडे. साल 1897च्या आसपासचं, ठिकाण ऑक्सफर्ड. बर्नार्ड बोझांकेट नावाचा विद्यार्थी टेबलावर एक खेळ खेळत असे, त्याचं नाव 'ट्विस्टी-ट्वॉस्टी'. टेनिसचा चेंडू टेबलावर टप्पा पाडून पलीकडे टाकायचा, तो असा वळवायचा की समोरच्याला पकडता येऊ नये. खेळता खेळता त्याच्या लक्षात आलं की लेगब्रेकच्याच झटक्यानं, फक्त हात वेगळ्या कोनात ठेवून, चेंडू उलट्या बाजूला वळवता येतो. गुगलीचा जन्म इथला.

पण टेबलावर काय लागत होतं? बोटं आणि मनगट, बस. धावत यायचं नव्हतं, हात डोक्यावरून फिरवायचा नव्हता, चेंडू 22 यार्ड पोचवायचा नव्हता. हीच युक्ती मैदानावर आणायला बोझांकेटला काही वर्षं लागली. जुलै 1900 मध्ये लॉर्ड्सवर मिडलसेक्सकडून लिस्टरशायरविरुद्ध खेळताना त्याला या चेंडूवर पहिला बळी मिळाला. सॅम्युअल को 98 धावांवर यष्टिचीत. आणि तो चेंडू चार टप्पे घेत गेला होता, असं सांगितलं जातं! लोक ही हकिगत विनोद म्हणून सांगतात. मला ती प्रयोगाची नोंद वाटते. पंज्याचं शिक्षण पूर्ण झालं होतं, खांद्याचं आणि धडाचं व्हायचं होतं.

गुगली नेमकी कशी पडते ते सावकाश पाहू. उजव्या हाताचा गोलंदाज धरा. चेंडू पहिल्या दोन बोटांवर टेकलेला, अनामिका वाकवून शिवणीला लावलेली. सुटताना मनगट उलगडतं आणि अनामिका चेंडूला शेवटचा रेटा देते. या वेळी तळहात बराचसा फलंदाजाकडे असेल तर लेगब्रेक. करंगळीची कडा फलंदाजाकडे असेल तर टॉपस्पिन, म्हणजे चेंडू सरळ पण उसळून जातो. आणि हाताची पाठ फलंदाजाकडे असेल तर गुगली. झटका तिन्ही वेळा तोच, फक्त तो ज्या कोनात मारला जातो तो कोन बदलतो.

पण नुसतं मनगट फिरवून हा सगळा कोन मिळत नाही. उरलेला खांद्याला द्यावा लागतो. म्हणून गुगली टाकताना पुष्कळांचा हात जास्त उभा येतो आणि पुढचा खांदा खाली पडतो. चांगला फलंदाज हे टिपतो. याचा दुसरा परिणाम जास्त घातक असतो. गुगलीचा नाद लागला की खांद्याला ती सवय जडते, आणि एक दिवस मूळ लेगब्रेकच वळेनासा होतो. पोराला वाटतं बोटं बिघडली. बोटं ठीक असतात, खांदा चुकीच्या जागी जाऊन बसलेला असतो. खुद्द बोझांकेटनं 1905 साली ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत 107 धावांत 8 बळी घेतले, आणि त्यानंतर त्याची गोलंदाजी जवळपास संपलीच.

या बाबतीत आपल्या मुंबईच्या सुभाष गुप्ते यांचं नाव घ्यायलाच हवं. त्यांच्याकडे एक नाही, दोन वेगवेगळ्या गुगली होत्या, आणि त्या टाकूनही त्यांचा लेगब्रेक शाबूत राहिला. 1958 साली कानपूरला वेस्ट इंडीजचे 102 धावांत 9 बळी त्यांनी घेतले, उरलेला एक वसंत रांजणे यांनी. गुप्ते अंगानं किरकोळ होते. दणकट खांदा म्हणजे चांगली फिरकी असं जे आपण धरून चालतो, त्याला हे उत्तर आहे. खांद्याला ताकद लागते त्याहून जास्त दर वेळी त्याच जागी येण्याची शिस्त लागते.

मग धडाचं काम काय? त्यासाठी शेन वॉर्नकडे जाऊ, कारण त्याच्या बाबतीत हा हिशेब अगदी उघडा पडला.

4 जून 1993, ओल्ड ट्रॅफर्ड. माइक गॅटिंगला टाकलेला तो चेंडू तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. सरळ निघाला, हवेत लेगकडे सरकला, लेगस्टंपच्या बाहेर पडला आणि ऑफस्टंपला जाऊन लागला. आपण टप्प्यानंतरचं वळण पुन्हा पुन्हा बघतो. मी म्हणतो, पुन्हा बघाल तेव्हा त्याचे पाय बघा. वॉर्न धावत येत नाही, काही पावलं जवळजवळ चालतच येतो. म्हणजे धावण्यातून त्याला फारसा वेग मिळत नाही. तो वेग मिळतो शेवटच्या उडीत. शरीर आडवं होतं, डावा हात वर जाऊन खाली ओढला जातो, पुढचा पाय खांबासारखा घट्ट रोवला जातो, आणि त्या पायावरून आधी कंबर, मग छाती, मग उजवा खांदा फिरतो. हात या साखळीच्या अगदी टोकाला असतो. खांदा चेंडूची दिशा, उंची आणि वेग ठरवतो. पंजा त्याला फिरायला लावतो. या पातळीचा मनगटी फिरकीपटू चेंडूला मिनिटाला सुमारे 2000 फेऱ्यांची गती देतो, काही वेळा त्याहून जास्त. फिरणारा चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूला सरकतो, म्हणून तो आधी लेगकडे गेला. पण तो नेमका किती सरकून कुठे पडावा, हे सुटताना खांदा कुठे होता आणि धड किती जोरानं फिरलं होतं यावर ठरतं. त्या चेंडूत दोघांची कामं एकाच क्षणी जुळली होती.

आणि पुढे दोघांनीही आपापलं बिल पाठवलं, तेही वेगवेगळ्या वर्षी!

पहिलं आलं बोटाचं. 1996चा विश्वचषक संपल्यावर वॉर्नच्या उजव्या हाताच्या अनामिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली. मघाशी सांगितला तो लहानसा सांधा हाच. कोपराखालचे जाड स्नायू ओढतात, मनगट उलगडतं, आणि हजारो चेंडूंचा शेवटचा रेटा त्या एका बोटावर येतो.

दुसरं आलं खांद्याचं. 1998च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला होता. चेन्नईला सचिननं नाबाद 155 केल्या, ते आपल्याला तोंडपाठ आहे. त्या मालिकेत वॉर्नला 10 बळी मिळाले, प्रत्येकी 54 धावा मोजून. सचिनचं श्रेय कमी करायचं नाहीय, पण तेव्हा वॉर्नचा खांदा दुखावलेला होता, आणि दौऱ्यानंतर लगेच त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला गोळा. चार लहान स्नायू तो गोळा बशीत धरून ठेवतात. हात गरकन फिरतो तेव्हा त्यांना तो धरायचा असतो, आणि चेंडू सुटल्यावर तोच हात थांबवायचाही असतो. झीज या थांबवण्यातही होते, हे आपल्या लक्षात येत नाही.

वॉर्न बहुतेक सामन्यांना नसलेल्या मालिकेत स्टुअर्ट मॅकगिलनं इंग्लंडविरुद्ध 27 बळी घेतले. मॅकगिल चेंडू वॉर्नपेक्षाही जास्त वळवायचा, असं मानणारे पुष्कळ आहेत. तरी त्याच्या षटकात एखादा आखूड चेंडू हमखास यायचा. पंजा एकाचा सरस, खांद्याची आणि धडाची शिस्त दुसऱ्याची.

जानेवारी 1999 मध्ये वॉर्न परतला. काही महिन्यांतच कसोटी संघातून वगळला गेला. त्याच वर्षी विश्वचषकाच्या उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत त्यानं चार-चार बळी घेतले. पण गोलंदाज तोच राहिला नव्हता. फ्लिपर, म्हणजे अंगठा आणि बोटांच्या चुटकीतून सुटणारा, टप्प्यावर खाली राहणारा चेंडू, तो पूर्वीसारखा येईना. गुगलीही क्वचितच. हातांचे आणि खांद्याचे टोकाचे कोन मागणाऱ्या या गोष्टी त्यानं मागे ठेवल्या, आणि वेगवेगळ्या गतीचे, वेगवेगळ्या उंचीचे लेगब्रेक व सरळ जाणारे चेंडू यांवर भर दिला. शस्त्रक्रियेआधी त्याचे 300 हून जास्त बळी होते, त्यानंतर जवळपास 400 आणखी झाले. एकूण 708.

ज्यांची मुलं नेट्सला जातात त्यांच्यासाठी एक खूण. चेंडू हव्या त्या जागी पडतोय पण वळत नाही, तर आधी पंज्याकडे बघा: पकड, मनगट, अनामिका. चेंडू भरपूर वळतोय पण कधी आखूड, कधी फुलटॉस, तर पंज्याला हात लावू नका. पुढचा पाय कुठे पडतो, डावा हात लवकर कोसळतो का, छाती वेळेआधी समोर उघडते का, ते बघा. आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खांदा दुखतोय असं म्हणत असताना आणखी षटकं टाकायला लावू नका.

प्रश्न असतील तर विचारा. मुरलीधरनच्या कोपराबद्दल कुणीतरी विचारणारच, तर आधीच सांगतो: 15 अंशांच्या मर्यादेचा नियम 2005 साली आला तो हात वाकलेला असण्याबद्दल नाही, टाकताना तो किती सरळ होतो याबद्दल आहे.