एकवीस हजाराची दोन गावे

वेंगुर्ल्याच्या एका परिचितांनी चार वर्षांपूर्वी मला एक रंगीत फोटो दाखवला. त्यांचे वडील मालवाहू जहाजावर होते. फोटोत ते एका दुकानाच्या दाराशी उभे आहेत, डोक्यामागे पाटी आहे. मागच्या बाजूला त्यांच्या हाताने एकच शब्द लिहिला आहे : युगोस्लाव्हिया. तारीख नाही. १९९१ साली पावसाळा संपल्यापासून तीन-चार महिने त्यांचे घरी पत्र आले नव्हते आणि त्याच वेळी तिकडे युद्ध पेटल्याच्या बातम्या येत होत्या. हा फोटो तेव्हाचाच, असे घरात ठरून गेले होते. खात्री करून द्याल का, एवढेच त्यांनी विचारले.

गेली पंचवीस वर्षे मी जुनी पोस्टकार्डे, पाकिटे आणि पाट्यांचे फोटो गोळा करतो आहे. त्यासाठी कोणती पदवी घेतलेली नाही. सवयीने समजते तेवढेच. पाटीवर दुकानाचे नाव रोमन लिपीत होते. त्याखाली वडिलांच्या खांद्याने अर्धा झाकलेला पत्ता, मग २१००० हा आकडा आणि ०२१ ने सुरू होणारा फोन नंबर. गावाचे नाव नेमके खांद्यामागे गेले होते.

युगोस्लाव्हियाने १९७०च्या दशकाच्या आरंभी पाच आकडी टपाल क्रमांक सुरू केले. पहिला आकडा प्रजासत्ताकाचा होता. सर्बियाला १, २ आणि ३, क्रोएशियाला ४ आणि ५, स्लोव्हेनियाला ६, बोस्नियाला ७ आणि ८चा काही भाग, मॉन्टेनेग्रोला ८, मॅसिडोनियाला ९. बेलग्रेड ११०००, झाग्रेब ४१०००, ल्युब्लियाना ६१०००, सारायेव्हो ७१०००. एका सोयीमुळे हे लक्षात ठेवायला सोपे जाते : मोठ्या गावांचा फोनचा कोड बहुधा टपाल क्रमांकाशी जुळत असे. बेलग्रेड ०११, झाग्रेब ०४१. या हिशेबाने २१००० आणि ०२१ म्हणजे नोवी साद, सर्बियाच्या उत्तरेतले डॅन्यूबकाठचे शहर. मी तसे कळवूनही टाकले.

उत्तर पाठवल्यावर आठवड्याने मला झोप लागेना. नोवी साद समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. समुद्रावरच्या मालवाहू जहाजाचा खलाशी तिथल्या दुकानाच्या दाराशी काय करत होता? कुठे तरी घसरलो होतो, आणि घसरलो होतो ते देश फुटल्यानंतर आकड्यांचे काय होते हे न पाहिल्यामुळे.

आपल्याकडची सवय नडली असावी. भारतातला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी होते. त्यानंतर इथे राज्ये झाली, पण आकडे जागचे हलले नाहीत. २००० साली छत्तीसगड वेगळे झाले तरी रायपूरचा क्रमांक महाराष्ट्रासारखाच ४ ने सुरू होतो. म्हणून आपल्याला वाटते की टपाल क्रमांक एकदा पडला की पडला.

युगोस्लाव्हियात प्रत्येक वारसाने वेगळे केले. बोस्नियाने ७ तसाच ठेवला. स्लोव्हेनियाने पुढचा ६ काढून टाकला आणि ल्युब्लियाना १००० झाले. मॅसिडोनियाने पुढचा ९ काढला आणि स्कोप्येही १०००च झाले. ब्रसेल्स आणि सोफियाच्या पाट्यांवरही १००० सापडतो, तेव्हा चार आकड्यांवरून देश सांगू नये. क्रोएशियाकडे ४ आणि ५ एवढेच आकडे होते. स्वतंत्र झाल्यावर त्याने नव्वदच्या दशकात बऱ्याच शहरांची क्रमवारी नव्याने लावली. झाग्रेब १०००० झाले आणि आद्रियाटिक किनाऱ्यावरचे स्प्लिट, जे तोवर ५८००० होते, ते झाले २१०००. फोनचा कोडही ०५८ जाऊन ०२१ आला.

म्हणजे एकाच क्रमांकाची आणि एकाच फोन कोडची दोन गावे, पूर्वी एका देशात आणि आता दोन देशांत. पाटीवर ‘+३८५’ असते तर क्रोएशिया आणि ‘+३८१’ असते तर सर्बिया हे लगेच कळले असते. पण गावातल्या दुकानदाराला आंतरराष्ट्रीय कोड कशाला हवा?

दुकानाशेजारच्या भिंतीवर पत्र्याची छोटी पट्टी होती. भिंगातून पाहिल्यावर तिच्यावर ९२, ९३, ९४ असे तीन आकडे दिसले : पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका. मी हरखलो, आणि लगेच वरमलो. हे तिन्ही आकडे जुन्या युगोस्लाव्हियाचे. फुटल्यावर दोन्हीकडे तेच चालू राहिले. पुढे दोन्हीकडे आधी एक लागून १९२, १९३, १९४ झाले, तेही सारखेच. बोस्नियाने मात्र १२२, १२३, १२४ घेतले आणि स्लोव्हेनियात पोलिसांना ११३. तिथला फोटो असता तर काम सोपे होते. आता ११२ युरोपभर लागतो, त्यामुळे नव्या पाट्यांवर तो दिसला तर देश कळत नाही.

शेवटी फोटो चांगल्या स्कॅनरवर मोठा केला. वडिलांच्या खांद्याच्या वर, मी इतके दिवस कागदावरचा डाग समजत होतो तिथे, बारीक अक्षरांत एका वेब पत्त्याची शेपटी होती : .hr.

क्रोएशियाचे लोक आपल्या देशाला ‘हर्वात्स्का’ म्हणतात, त्यातून हे hr आले. ही अक्षरे १९९३ साली दिली गेली. उरलेल्या युगोस्लाव्हियाकडे .yu होते. ते २०१० साली बंद झाले आणि सर्बिया .rs वर गेला. मधल्या काळात सर्बिया-मॉन्टेनेग्रोच्या संघाला cs ही अक्षरे मिळाली होती. ती आधी चेकोस्लोव्हाकियाची होती, आणि वेब पत्त्यात ती या संघाने कधीच वापरली नाहीत. वेबच्या शेपटीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हेही खरे. मॉन्टेनेग्रोची .me ही शेपटी इंग्रजीतल्या ‘मी’च्या अर्थामुळे जगभर विकली जाते, आणि .com वरून काहीच कळत नाही. पण .hr चे तसे झालेले नाही. स्प्लिटच्या २१००० ला तिने दुजोरा दिला, आणि जहाजालाही बंदर मिळाले.

इथे एक गोष्ट जपून सांगावी लागते. पाटी अलीकडची हद्द देते, पलीकडची नाही. झाग्रेबात ४१००० लिहिलेली एनॅमलची पाटी क्रमांक बदलल्यावरही वर्षानुवर्षे लटकू शकते, तेव्हा जुन्या आकड्यावरून ‘याच्या आधीचा’ फोटो असे म्हणता येत नाही. नवा आकडा मात्र ‘याच्या नंतरचा’ हे ठामपणे सांगतो. वडिलांचा फोटो १९९३च्या आधीचा असूच शकत नव्हता. लहान दुकानाने पाटीवर वेब पत्ता रंगवला, हे पाहता माझ्या मते तो नव्वदच्या अखेरचा असावा. त्यांच्या जहाजावरच्या नोंदवहीत नोकरी २००१ पर्यंत आहे. पाठीमागचा ‘युगोस्लाव्हिया’ हा शब्द देशाचा नव्हता, सवयीचा होता. पुष्कळ जुने खलाशी त्या किनाऱ्याला पुढेही तेच म्हणत.

हे सगळे मी परिचितांना त्यांच्या घरी जाऊनच सांगितले. आधीचे उत्तर चुकले होते, तेही कबूल केले. त्यांच्या आई शेजारी बसून ऐकत होत्या. फोटो हातात घेऊन त्यांनी पाटी पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, “म्हणजे हा त्या वर्षीचा नाहीच. मग ते तीन महिने कुठे होते, ते राहिलंच की.”

“राहिलंच, काकू,” मी म्हणालो. त्यांनी फोटो परत डब्यात ठेवला.