सदोष घरगुती उपकरणामुळे लागलेली आग आणि उत्पादन दायित्व (भारत)

सदोष घरगुती उपकरणामुळे लागलेल्या आगीचे दायित्व हा भारतीय ग्राहक कायद्यातील उत्पादन दायित्वाचा एक प्रकार आहे. शीतकपाट, पाणी तापवण्याचा गिझर, पंखा किंवा धुलाई यंत्र यांसारख्या उपकरणातील दोषामुळे घराला आग लागल्यास भरपाई उत्पादकाकडून मागायची, विक्रेत्याकडून मागायची की दोघांकडून, हा त्यातील मुख्य प्रश्न असतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील सहाव्या प्रकरणात (कलम 82 ते 87) या प्रश्नाविषयीच्या तरतुदी आहेत. त्या 20 जुलै 2020 पासून अंमलात आल्या. कायद्याने उत्पादक आणि विक्रेता यांच्यावर सारखीच जबाबदारी टाकलेली नाही. उत्पादकाविरुद्ध प्रामुख्याने दोष सिद्ध करावा लागतो, तर विक्रेत्याविरुद्ध त्याच्या स्वतःच्या कृतीचा किंवा स्थितीचा आणखी एक मुद्दा दाखवावा लागतो.

## पार्श्वभूमी

1986 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण नव्हते. त्या कायद्यातील 'व्यापारी' या संज्ञेत उत्पादकाचाही समावेश असल्यामुळे दोघांविरुद्ध तक्रार करता येत असे. मात्र वस्तूतील दोष आणि त्या दोषामुळे इतर मालमत्तेचे झालेले नुकसान यांची वेगळी मांडणी कायद्यात केलेली नव्हती. 2019 च्या अधिनियमाने ही मांडणी केली आणि उत्पादक, सेवा पुरवठादार व विक्रेता यांच्या दायित्वासाठी स्वतंत्र कलमे दिली.

## 'हानी' या संज्ञेची व्याप्ती

उत्पादन दायित्वात भरपाई 'हानी'साठी मिळते. दोषयुक्त उत्पादन वगळता इतर मालमत्तेचे नुकसान, शारीरिक इजा, आजार किंवा मृत्यू आणि त्यांच्या अनुषंगाने होणारा मानसिक त्रास यांचा हानीत समावेश होतो. खुद्द उत्पादनाचे नुकसान आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटा हानीत धरले जात नाहीत.

त्यामुळे जळालेल्या शीतकपाटाची किंमत आणि त्या आगीत जळालेल्या स्वयंपाकघराची भरपाई या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या मागण्या ठरतात. किमतीची मागणी 'वस्तूतील दोष' या सदरात येते. त्यात आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो. स्वयंपाकघराची मागणी सहाव्या प्रकरणाखाली येते. दोन्ही मागण्या एकाच तक्रारीत करता येतात, पण त्या वेगळ्या मांडाव्या लागतात.

## उत्पादकाचे दायित्व

कलम 84 नुसार पाच परिस्थितींत उत्पादक जबाबदार ठरतो: उत्पादनात निर्मितीदोष असणे, रचनादोष असणे, निर्मितीच्या ठरलेल्या निकषांपासून ते ढळलेले असणे, स्पष्टपणे दिलेल्या हमीशी ते जुळत नसणे, किंवा योग्य वापराच्या पुरेशा सूचना अथवा धोक्याचा इशारा त्यासोबत नसणे. स्पष्ट हमी देताना आपण निष्काळजीपणा किंवा फसवणूक केली नव्हती असे उत्पादकाने सिद्ध केले, तरी त्या हमीबाबतचे त्याचे दायित्व टळत नाही.

निर्मितीदोष एखाद्या नगापुरता असतो. कारखान्यात एका शीतकपाटाच्या कॉम्प्रेसरजवळील जोडणी सैल राहिली, तर तो निर्मितीदोष होय. त्या प्रतिकृतीच्या सर्वच नगांमध्ये तापणाऱ्या भागाशेजारी सहज पेट घेणारे आवरण बसवलेले असेल, तर तो रचनादोष होय. पहिल्या प्रकारात जळालेला नगच मुख्य पुरावा असतो. दुसऱ्या प्रकारात त्याच प्रतिकृतीचा न जळालेला नग तपासूनही दोष दाखवता येतो. मूळ नग पूर्णपणे जळून गेला असेल तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो.

उत्पादकाची व्याख्या व्यापक आहे. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचे चिन्ह लावणाराही कायद्याच्या दृष्टीने उत्पादक असतो. एखाद्या दुकानसाखळीने दुसऱ्याकडून बनवून घेतलेली इस्त्री स्वतःच्या नावाने विकली, तर 'आम्ही केवळ विक्रेते आहोत' हा बचाव तिला घेता येत नाही.

## विक्रेत्याचे दायित्व

केवळ वस्तू विकली म्हणून विक्रेता उत्पादन दायित्वाखाली जबाबदार ठरत नाही. कलम 86 मध्ये त्याला जबाबदार धरण्याच्या परिस्थिती नमूद आहेत. वस्तूची रचना, चाचणी, निर्मिती, वेष्टन किंवा लेबल यांवर विक्रेत्याचे भरीव नियंत्रण असणे ही पहिली. त्याने वस्तूत केलेला बदल हानीचे भरीव कारण ठरणे ही दुसरी. उत्पादकाच्या हमीव्यतिरिक्त त्याने स्वतःची स्पष्ट हमी दिलेली असणे आणि वस्तू तिच्याशी जुळत नसणे ही तिसरी.

चौथी परिस्थिती उत्पादकापर्यंत पोहोचता न येण्याची आहे. उत्पादक कोण हे माहीत नसेल, त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तो भारतीय कायद्याच्या कक्षेत येत नसेल किंवा त्याच्याविरुद्ध आदेशाची अंमलबजावणी होऊ शकत नसेल, तर विक्रेत्यावर दायित्व येते. उत्पादकाचे नाव नसलेले स्वस्त आयात उपकरण विकणाऱ्या दुकानदाराला ही तरतूद थेट लागू पडते. पाचवी परिस्थिती निष्काळजीपणाची आहे. वस्तूची जुळणी, तपासणी किंवा देखभाल करताना विक्रेत्याने वाजवी काळजी घेतली नाही, अथवा उत्पादकाच्या सूचना व इशारे ग्राहकापर्यंत पोहोचवले नाहीत, आणि हानी त्यामुळेच झाली, तर तो जबाबदार असतो.

हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरबदल केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाची कारवाई करता येत नाही, असा अपवाद कलम 87 मध्ये आहे. या अपवादाचे शब्द विक्रेत्यापुरते आहेत. तथापि फेरबदलामुळेच आग लागली, उपकरणातील मूळ दोषामुळे नाही, असा बचाव उत्पादकही कार्यकारणभावाच्या आधारे घेऊ शकतो.

## उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. साताऱ्यातील एका कुटुंबाने कोल्हापुरातील दुकानातून 32,000 रुपयांना शीतकपाट घेतले. एक वर्षाची वॉरंटी संपल्यानंतर दोन महिन्यांनी रात्री त्याच्या मागील बाजूने आग लागली. भिंती, वायरिंग आणि ओटा यांच्या दुरुस्तीस 2,40,000 रुपये लागले. 1,10,000 रुपयांचे सामान जळाले आणि भाजलेल्या एका सदस्याच्या उपचारांवर 45,000 रुपये खर्च झाले. घरातून चालणारा शिवणकामाचा व्यवसाय महिनाभर बंद राहिला.

दुरुस्ती, सामान व उपचार यांचे एकूण 3,95,000 रुपये आणि मानसिक त्रास ही हानी असून तिची मागणी प्रामुख्याने उत्पादकाविरुद्ध राहील. वॉरंटी संपलेली असली तरी निर्मितीदोष किंवा रचनादोषाचा दावा तिच्या मुदतीवर अवलंबून नसतो. शीतकपाटाचे 32,000 रुपये वस्तूतील दोषाच्या सदरात स्वतंत्रपणे मागावे लागतील आणि ती मागणी खरेदीचा करार ज्याच्याशी झाला त्या विक्रेत्याविरुद्धही करता येईल. शिवणकामाचे बुडालेले उत्पन्न व्यापारी तोटा असल्यामुळे उत्पादन दायित्वात मिळणार नाही.

आता दुकानाच्या कारागिराने शीतकपाट बसवताना मूळ तीन पिनांचा प्लग कापून, अर्थिंगची तार न जोडता, वायर लांबवली होती असे समजा. आग त्या जोडापासून सुरू झाल्याचे दिसल्यास विक्रेत्याचा फेरबदल आणि निष्काळजीपणा हे मुद्दे पुढे येतात व उत्पादकाची बाजू बळकट होते. जोड शाबूत असून आग कॉम्प्रेसरजवळ लागली असल्यास उलट होते. तक्रार दाखल करताना यांपैकी काय घडले हे कुटुंबाला सहसा ठाऊक नसते. म्हणून व्यवहारात दोघांनाही विरुद्ध पक्ष केले जाते. एकालाच पक्ष केल्यास तो अनुपस्थित दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि आयोगाने ते मान्य केल्यास तक्रारदाराच्या हाती काही उरत नाही. दोघेही जबाबदार ठरल्यास आयोग 'संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या' रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतो. अशा आदेशानुसार पूर्ण रक्कम कोणत्याही एकाकडून वसूल करता येते.

## पुरावा

अशा तक्रारी बहुधा आगीचे कारण सिद्ध न झाल्यामुळे अडतात. अग्निशमन दलाच्या अहवालात आणि पोलीस पंचनाम्यात अनेकदा 'शॉर्ट सर्किट' एवढेच कारण नोंदलेले असते. शॉर्ट सर्किट उपकरणाच्या आत झाले की घराच्या वायरिंगमध्ये, हे त्यावरून कळत नाही आणि उत्पादकाचा बचाव नेमका याच संदिग्धतेवर उभा राहतो. त्यामुळे आगीचा उगमबिंदू दाखवणारा पुरावा आवश्यक असतो. भिंतीवर सर्वांत खालपर्यंत गेलेली जळाल्याची खूण कोठे आहे, सॉकेट आतून जळाले आहे की केवळ बाहेरून काळवंडले आहे, उपकरणाचा कोणता भाग सर्वाधिक जळाला आहे, या गोष्टींची छायाचित्रे साफसफाईपूर्वी घेणे महत्त्वाचे असते. तांब्याच्या तारेच्या टोकाला वितळून झालेला मणी तारेत आगीच्या वेळी वीज होती असे सुचवतो. आग तेथूनच लागली हे केवळ त्यावरून सिद्ध होत नाही.

जळालेले अवशेष उत्पादकाच्या प्रतिनिधीला विनापावती दिल्यास किंवा भंगारात टाकल्यास मुख्य पुरावा नष्ट होतो. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसल्यास, कलम 38 नुसार जिल्हा आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. प्रयोगशाळेने 45 दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो आणि आयोग ही मुदत वाढवू शकतो. चाचणीचे शुल्क तक्रारदाराकडून जमा करून घेता येते. उपकरणावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असले तरी विशिष्ट नगात निर्मितीदोष नव्हता असे त्यावरून ठरत नाही.

## अधिकारक्षेत्र आणि मुदत

तक्रार कोणत्या आयोगाकडे करायची हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तूसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. 2021 च्या नियमांनुसार 50 लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी जिल्हा आयोगाकडे जावे लागते. त्यामुळे आगीत लाखोंचे घर जळाले, तरी 32,000 रुपयांच्या उपकरणाबाबतची तक्रार जिल्हा आयोगाकडेच जाते. मोबदल्यावर आधारित ही रचना सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये वैध ठरवली. तक्रारदार राहत असलेल्या जिल्ह्यातही तक्रार करता येत असल्यामुळे उदाहरणातील कुटुंबाला कोल्हापूरला जाण्याची गरज नाही.

कलम 69 नुसार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. प्रस्तुत प्रकारात ही मुदत साधारणतः खरेदीच्या नव्हे, तर आगीच्या दिवसापासून मोजली जाते. पुरेसे कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो.

## विम्याचा परिणाम

घराचा विमा असल्यास विमा कंपनी भरपाई देते आणि दिलेल्या रकमेपुरता उत्पादक किंवा विक्रेत्याविरुद्धचा हक्क तिच्याकडे येतो. वरील उदाहरणात विमा कंपनीने इमारत व सामानासाठी 2,00,000 रुपये दिले असतील, तर 3,95,000 रुपयांपैकी कुटुंबाची स्वतःची मागणी 1,95,000 रुपये उरते. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही. विमा कंपनीचा पूर्ण व अंतिम समझोता स्वीकारताना उत्पादकाविरुद्धचे उरलेले हक्क सोडून दिल्याचा मजकूर त्यात असल्यास पुढील तक्रार धोक्यात येऊ शकते.