तळटीप : प्लाझ्मा बदलणे
* येथे ‘रक्त बदलले’ असे म्हटले असले, तरी बदलतात तो फक्त प्लाझ्मा. यंत्रात रक्त गरगर फिरते. जड तांबड्या पेशी बाहेरच्या कडेला जातात, पिवळसर प्लाझ्मा आतल्या बाजूला राहतो. तो काढून पेशी रुग्णाला परत देतात.

टीटीपी या आजारात शरीर स्वतःचेच ADAMTS13 हे विकर निकामी करते, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि प्लेटलेट झपाट्याने घसरतात. रोज प्लाझ्मा बदलला की घातक प्रतिपिंडे निघून जातात आणि दात्याच्या प्लाझ्मातून ते विकर मिळते. म्हणून इथे काढलेल्या प्लाझ्माच्या जागी नुसते अल्ब्युमिन पुरत नाही. प्लाझ्मा बदलताना ओठांना मुंग्या आल्या, तर कॅल्शियम उतरल्याचे समजावे.

सावंतवाडी परिसरातल्या घोणशीच्या दंशानंतरही कधी असेच चित्र दिसते. तिथे मात्र प्रतिविष हाच मुख्य उपचार. प्लाझ्मा बदलण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. (संपा.)