‘सीएनबी’ आणि त्यापुढचा कंस : जुन्या विवाह-जाहिरातींची लघुरूपे कशी वाचावीत

जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. तो उपाय सुशिक्षित घरांत किती पोहोचला हे तपासायचे तर इंग्रजी दैनिकांच्या रविवारच्या विवाहविषयक पानांची जुनी कात्रणे उपयोगी पडतात. अडचण भाषेची आहे. जाहिरातीचे पैसे शब्दांवर किंवा ओळींवर लागत, म्हणून लोकांनी शब्द कापले. कापलेल्या शब्दाचे थेट मराठी करायला गेलो की अर्थ उलटा होऊ शकतो. म्हणून आधी मूळ मजकूर जसाच्या तसा उतरवा, मग तो इंग्रजीतच पूर्ण करा आणि त्यानंतर मराठीत आणा.

खालची जाहिरात नेहमी दिसणाऱ्या शब्दांतून नमुन्यासाठी जुळवली आहे, ती कोणा खऱ्या कुटुंबाची नाही. वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत दिली आहे :

“एसएम४ फेअर, होमली गर्ल २६/५.३, एम.ए., बी.एड., अर्निंग ४ फिग., डी/ओ रिटा. गव्ह. ऑफिसर. प्रेफ. डॉ./इंजि. सीएनबी (एससी/एसटी एक्सक्यूज). रिप्लाय विथ बीएचपी.”

पूर्ण केल्यावर ‘एसएम४’चे ‘सूटेबल मॅच फॉर’ होते. इंग्रजी चारचा उच्चार ‘फोर’, म्हणून तो आकडा. ‘डी/ओ’ म्हणजे ‘डॉटर ऑफ’, तर ‘डॉ.’ म्हणजे डॉक्टर. घाईत या दोघांची गल्लत झाली की बापच डॉक्टर होतो. ‘४ फिग.’ म्हणजे चार आकडी पगार, १,००० ते ९,९९९ रुपयांमधला. तो मोठा की किरकोळ हे वर्षावरून ठरते, म्हणून कात्रणावर तारीख नसेल तर त्यावर टिप्पणी करू नये. ‘बीएचपी’ म्हणजे बायोडेटा, हॉरोस्कोप, फोटो. इथे पत्रिका मागितली आहे, हेही नोंदवण्याजोगे.

‘५.३’ हा दशांश नाही, ५ फूट ३ इंच आहे. संगणकावर तक्ता करताना इथे हमखास घोळ होतो. ५.१ आणि ५.१० हे संगणकाला एकच वाटतात, पण पहिली उंची सुमारे १५५ सेंमी आणि दुसरी १७८ सेंमी. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत लिहा.

‘होमली’ पूर्णच शब्द आहे, तरी फसवतो. अमेरिकन इंग्रजीत त्याचा अर्थ दिसायला बेताची. आपल्याकडच्या जाहिरातींत घर सांभाळणारी, घरगुती वळणाची. तसेच ‘इश्यूलेस डायव्होर्सी’ म्हणजे मूल नसलेली घटस्फोटित व्यक्ती; त्यात ‘वाद नसलेली’ असे काही नाही.

आता कंस. ‘सीएनबी’ म्हणजे ‘कास्ट नो बार’, जातीची अट नाही. लगेच पुढे ‘एससी/एसटी एक्सक्यूज’. शब्दकोश बघून कोणी ‘अनुसूचित जाती-जमातींना माफी’ असे लिहिले तर ते सवलतीसारखे वाचले जाईल. खरा अर्थ आहे : तुम्ही आम्हाला माफ करा, म्हणजे तुमचे स्थळ नको. अट नाही म्हणायचे आणि आम्हाला दारातच थांबवायचे, हे एका ओळीत बसवले आहे. तक्त्यात फक्त ‘सीएनबी : होय’ एवढेच नोंदवले तर जात न मानणाऱ्यांची संख्या खोटीच फुगते. या कंसाला स्वतंत्र रकाना हवा. जाहिरात ज्या मथळ्याखाली छापली तो जातीचा मथळाही उतरवा, कारण ‘सीएनबी’ लिहिणाऱ्यानेही आपली जाहिरात कुठे द्यायची हे निवडलेले असते.

‘एससी’च्या जागी ‘बौद्ध’ किंवा ‘दलित’ घालायचा मोहही टाळा. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. त्याआधीच्या जाहिरातीत कायद्याचा अर्थ एक आणि जाहिरातदाराच्या मनातला दुसरा असू शकतो. भाषांतरात ‘अनुसूचित जाती/जमाती’च ठेवा, बाकीचे तळटिपेत लिहा. मराठी कात्रणात ‘नवबौद्ध’ असेल तर आज तो शब्द खटकतो म्हणून बदलू नका.

एखादे लघुरूप लागलेच नाही, तर त्याच पानावरच्या शेजारच्या जाहिराती वाचा. तोच शब्द कुणीतरी पूर्ण लिहिलेला सापडतो. तरीही न लागल्यास तसाच ठेवून पुढे प्रश्नचिन्ह द्या.

मग मराठी रूप असे होते : “गोऱ्या, घरगुती वळणाच्या मुलीसाठी अनुरूप स्थळ पाहिजे. वय २६, उंची ५ फूट ३ इंच, एम.ए., बी.एड., पगार चार आकडी, निवृत्त सरकारी अधिकाऱ्याची मुलगी. डॉक्टर किंवा इंजिनिअरला प्राधान्य. जातीची अट नाही (अनुसूचित जाती/जमातीच्यांनी क्षमा करावी, म्हणजेच संपर्क करू नये). उत्तरासोबत परिचयपत्र, पत्रिका व फोटो पाठवावा.”

कात्रणाचे छायाचित्र कुठे टाकणार असाल, तर पत्ता आणि फोन नंबर आधी झाका. त्या मुली आज कुणाच्या तरी आज्या आहेत.